नाचणी-ओट्स कुकीजच्या पाकिटाचा फोटो देतेय, हे हेल्दी आहे का?

मृण्मयी_ठाणे
मुलगा दुसरीत आहे, सात वर्षांचा. छोट्या सुट्टीसाठी कोरडा खाऊ द्यावा लागतो आणि पोळीचा रोल आता त्याला नकोसा झालाय. कोपऱ्यावरच्या दुकानात या नाचणी-ओट्स कुकीज मिळाल्या. पाकिटावर समोरच तीन गोष्टी ठळक लिहिल्यात: 'नाचणी आणि ओट्सचा पौष्टिकपणा', 'फायबरचा स्रोत' आणि 'फक्त ९६ कॅलरी'. फोटो जोडलाय. रोज डब्यात दिल्या तर चालतील का? सासूबाई म्हणतात बिस्किटं ती बिस्किटं, आणि मला वाटतं नाचणी आहे म्हणजे काहीतरी बरंच असेल. जाणकारांनी सांगा.

सुलभाताई
अगं, नाचणी कधी वाईट असते का? आमच्याकडे रत्नागिरीला बाळाला सहाव्या महिन्यापासून नाचणीचं सत्त्व. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजायची आणि दळून वस्त्रगाळ करायची. दूध आणि थोडा गूळ घालून शिजवलं की झालं. हाडं मजबूत होतात. खुशाल दे हो.

मृण्मयी_ठाणे
ताई, सत्त्व मीही दिलंय त्याला लहानपणी. प्रश्न नाचणीचा नाही, या पाकिटाचा आहे :)

जयंत_भोसरी
मी बावीस वर्षं एका बिस्किट कारखान्याच्या गुणवत्ता प्रयोगशाळेत होतो, आता निवृत्त आहे. तुम्ही दिलेल्या फोटोवरून काहीच सांगता येणार नाही, कारण तो पाकिटाच्या पुढच्या बाजूचा आहे. पुढची बाजू विकण्यासाठी असते, माहिती मागच्या बाजूला असते. कृपया मागचे दोन फोटो द्या, एक घटक पदार्थांच्या यादीचा आणि एक पोषणमूल्यांच्या कोष्टकाचा.

फोटो काढताना पाकीट रिकामं करून, कापून टेबलावर सपाट पसरा. फुगलेल्या पाकिटावर कडेचे आकडे वाकतात आणि चकाकीत बुडतात. फ्लॅश नको, खिडकीजवळ धरा. आणि मुख्य म्हणजे कोष्टकाची वरची ओळ कापू नका. आकडे 'प्रति १०० ग्रॅम' आहेत की 'प्रति सर्व्हिंग', हे त्या ओळीतच लिहिलेलं असतं. लोक पाठवतात त्या फोटोंत नेमकी तीच ओळ बऱ्याचदा राहून जाते.

समोरच्या 'फक्त ९६ कॅलरी'वर बारीक तारांकन दिसतंय. त्याची तळटीप पाकिटावर कुठेतरी असेल, तीही शोधा.

मृण्मयी_ठाणे
पाकीट अजून संपलेलं नाही, त्यामुळे सपाट करता आलं नाही, पण दोन्ही फोटो काढलेत. तारांकनाची तळटीप शिवणीजवळ सापडली: 'प्रति सर्व्हिंग, २० ग्रॅम, अंदाजे २ कुकीज'. पाकीट १५० ग्रॅमचं आहे.

कोष्टकात साखरेसमोर ९.८ टक्के दिसतंय. म्हणजे साखर दहा टक्क्यांहूनही कमी, हो ना? मग बरंय की.

केदार_एम
बरोबर. दहा टक्क्यांखाली साखर म्हणजे बिस्किटांत खूपच चांगलं. मी दोन वर्षं लेबलं वाचून खातोय. एकच नियम पाळतो: 'अ‍ॅडेड शुगर'ची ओळ बघायची, बाकी सगळं दुय्यम. इथे ती कमी आहे, निर्धास्त द्या.

जयंत_भोसरी
थांबा, इथेच गडबड होतेय, आणि फार जणांची होते. ते ९.८ टक्के म्हणजे बिस्किटातलं साखरेचं प्रमाण नव्हे. त्या रकान्यावर काय लिहिलंय ते पुन्हा बघा: 'प्रति सर्व्हिंग आरडीएच्या टक्के'. आरडीए म्हणजे दिवसभरासाठी सुचवलेलं प्रमाण. आपल्याकडे २०२० च्या लेबलिंगच्या नियमांनुसार हा रकाना द्यावा लागतो. सरासरी प्रौढ माणसाच्या दिवसाच्या २००० कॅलरी धरायच्या, त्यात वरून घातलेली साखर ५० ग्रॅम धरायची आणि एका सर्व्हिंगमधून त्यातला किती हिस्सा येतो ते सांगायचं. म्हणजे हे ९.८ टक्के त्या ५० ग्रॅमचे आहेत. ५० चे ९.८ टक्के म्हणजे ४.९ ग्रॅम. एवढी साखर २० ग्रॅमच्या एका सर्व्हिंगमध्ये आहे.

आता २० ग्रॅममध्ये ४.९, तर १०० ग्रॅममध्ये त्याच्या पाचपट, म्हणजे २४.५ ग्रॅम. या कुकीजचा जवळजवळ चौथा हिस्सा साखर आहे. दहावा नाही.

तुमच्या फोटोत 'प्रति १०० ग्रॅम'च्या रकान्यात अ‍ॅडेड शुगरचा आकडा चकाकीत गेलाय. मला तो २१.५, २४.५ किंवा २९.५ यांपैकी काहीही वाटतोय. पण त्याच्या वरची टोटल शुगरची ओळ स्पष्ट आहे, २५.६. वरून घातलेली साखर एकूण साखरेपेक्षा जास्त असूच शकत नाही, म्हणून २९.५ बाद. २१.५ असती तर टक्केवारी ८.६ आली असती. आली आहे ९.८, म्हणून आकडा २४.५ च. फोटो धूसर असला तरी दोन रकाने एकमेकांची साक्ष देतात.

केदार_एम
हे मला खरंच माहीत नव्हतं. मी आजवर टक्क्यांचा रकाना म्हणजे पदार्थातलं प्रमाण असंच धरत आलो. पण एक सांगा, बाकीचे आकडे आपण बरोबर वाचलेत हे कशावरून?

जयंत_भोसरी
त्यासाठी साधा ताळा आहे. प्रथिनाच्या ग्रॅमला ४ कॅलरी, कर्बोदकाच्या ग्रॅमला ४, स्निग्ध पदार्थाच्या ग्रॅमला ९. या फोटोत मला प्रथिनं ७, कर्बोदकं ६६ आणि फॅट २१ दिसतंय. २८, २६४ आणि १८९ मिळून ४८१ होतात. लेबलवर ४८२ आहे. जुळलं, म्हणजे हे तीन आकडे बरोबर वाचले. फायबरमुळे आणि पूर्णांकनामुळे दहा-पंधरा कॅलरी इकडेतिकडे होतात, तेवढं चालायचं. फरक साठ-सत्तरचा निघाला तर एखादा आकडा चुकीचा वाचलाय किंवा रकाना बदललाय असं समजा. या ताळ्याची एक मर्यादा आहे. साखर कर्बोदकातच मोडते, त्यामुळे साखरेचा आकडा चुकीचा वाचला तर तो इथे पकडला जात नाही. म्हणूनच वर टक्क्यांवरून काढला.

मृण्मयी_ठाणे
बापरे, आणि मी दहा टक्के समजून खूश झाले होते. मग 'फायबरचा स्रोत' हे खोटं लिहिलंय का? तक्रार करता येईल का?

जयंत_भोसरी
खोटं नाही, म्हणून तक्रार टिकणार नाही. दाव्यांचे नियम २०१८ चे आहेत. १०० ग्रॅम घन पदार्थात किमान ३ ग्रॅम फायबर असेल तर 'फायबरचा स्रोत' म्हणता येतं, ६ असेल तर 'भरपूर फायबर'. तुमच्या कोष्टकात ३.१ आहे. उंबरठा जेमतेम ओलांडलाय.

आता यातली मेख बघा. फायबरचा दावा १०० ग्रॅमवर मोजलाय आणि कॅलरीचा दावा २० ग्रॅमवर. एकाच पाकिटाच्या एकाच बाजूवर दोन मापं. चांगली गोष्ट मोठ्या मापाने मोजली, नकोशी लहान मापाने. कायद्याने दोन्ही बरोबर, पण वाचणाऱ्याच्या मनात चित्र चुकीचं उभं राहतं. दोन्ही गोष्टी एकाच मापावर आणल्या की खरं दिसतं. २० ग्रॅमवर आणायचं तर ९६ कॅलरी आणि फायबर ०.६ ग्रॅम. १०० ग्रॅमवर आणायचं तर फायबर ३.१ ग्रॅम आणि कॅलरी ४८२. 'फक्त ९६ कॅलरी, ०.६ ग्रॅम फायबर' असं समोर छापलं असतं तर तुम्ही पाकीट उचललं असतं का?

सर्व्हिंग किती ग्रॅमची धरायची हे कंपनी ठरवते. मी प्रयोगशाळेत असताना सर्व्हिंगचा आकडा आमच्याकडे ठरूनच यायचा, आम्ही फक्त पृथक्करण करून द्यायचो.

ओंकार_लेस्टर
मी इंग्लंडमध्ये राहतो. इथे बऱ्याच पाकिटांवर समोरच लाल, पिवळे, हिरवे रंग असतात आणि ते १०० ग्रॅमच्या हिशोबाने ठरतात. सक्ती नाही, पण मोठ्या दुकानांचे स्वतःचे माल बहुतेक छापतात. साखर १०० ग्रॅममध्ये २२.५ पेक्षा जास्त तर लाल, फॅट १७.५ च्या वर लाल, सॅच्युरेटेड ५ च्या वर लाल. ताईंच्या फोटोतले आकडे टाकून बघितले: साखर २५.६ लाल, फॅट २१ लाल, सॅच्युरेटेड १०.२ दुप्पट लाल. सोडियम ३१० मिलिग्रॅम आहे, त्याला अडीचने गुणलं की मीठ पाऊण ग्रॅमच्या आसपास येतं, ते पिवळं. तीन लाल आणि एक पिवळा. इथे अशा पाकिटाकडे मी वळूनही बघत नाही.

गंमत म्हणजे इथल्या कोष्टकात 'अ‍ॅडेड शुगर' अशी वेगळी ओळच नसते, फक्त एकूण साखर. त्या बाबतीत तुमचं लेबल जास्त सांगतं.

शिल्पा_नाशिक
आहारतज्ज्ञ म्हणून थोडा विरोध नोंदवते. ओंकार, शंभर ग्रॅमचे रंग बिस्किटांची बिस्किटांशी तुलना करायला उत्तम आहेत, पण पदार्थ चांगला की वाईट हे त्यावरून ठरवायला गेलात तर फसाल. भाजलेल्या शेंगदाण्यात निम्मं वजन तेलाचं असतं, त्याला लाल मिळेल. तिळाला लाल मिळेल. तूप तर विचारूच नका. पण कोणी तूप शंभर ग्रॅम खात नाही. उलट शीतपेयात १०० मिलिलिटरला दहा-अकरा ग्रॅम साखर, आकडा छोटा दिसतो, पण बाटली अर्धा लिटरची असते आणि माणूस ती एका दमात संपवतो. त्यामुळे मी तिसरंच माप धरते: तुमचं मूल प्रत्यक्ष किती खातं.

मृण्मयी, तो एका वेळी किती कुकीज खातो?

मृण्मयी_ठाणे
खरं सांगू? मी चार देते. दोन दिल्या तर डबा रिकामा वाटतो.

जयंत_भोसरी
शिल्पाताईंचं म्हणणं मला मान्य आहे. घरी वजनकाटा असेल तर एक काम करा. त्या 'अंदाजे २ कुकीज' मधला 'अंदाजे' तपासा. पाच-सहा कुकीज एकत्र ठेवून वजन करा, एकेकीचं नको, छोट्या काट्यावर चूक होते.

वैशाली_नगर
धागा थोडा बाजूला नेतेय, माफ करा, पण माझा प्रश्न याच जातीचा आहे. बाबांना मधुमेह आहे, वय ६८. संध्याकाळी चहाबरोबर दोन मारी बिस्किटं खायचे. भावाने त्याऐवजी खजुराचे बार आणून दिले, 'साखर घातलेली नाही' लिहिलेले. बाबा खूश, कारण गोड लागतात. पण बार खाल्ल्यावर दोन तासांनी घरच्या मशीनवर साखर नेहमीपेक्षा बरीच वर येते, चार वेळा बघितलं. कोष्टकात अ‍ॅडेड शुगर ० आहे. मग साखर येते कुठून? फोटो जोडलाय.

केदार_एम
अ‍ॅडेड शुगर ० असेल तर बारमुळे नसेल. त्या दिवशी जेवणात काही वेगळं खाल्लं असेल.

जयंत_भोसरी
केदार, मघाशी तुम्ही म्हणालात की फक्त अ‍ॅडेड शुगरची ओळ बघायची. त्या नियमाची ही दुसरी बाजू. कुकीजसाठी तो बराचसा चालतो, या बारसाठी नाही. फोटोत टोटल शुगर ४१ आहे, १०० ग्रॅमला. बार ४० ग्रॅमचा. म्हणजे एका बारमध्ये १६ ग्रॅमहून थोडी जास्त साखर. घटकांची यादी उतरत्या वजनाने लावलेली असते, त्यात पहिलं नाव खजूर ५२ टक्के आणि पुढे मनुका १२ टक्के. साखर तिथून आली. कारखान्यात पोत्यातून ओतली नाही एवढाच 'अ‍ॅडेड ०' चा अर्थ.

शिल्पा_नाशिक
वैशाली, मधुमेहात तर मी साखरेच्या ओळीवरही थांबणार नाही, एकूण कर्बोदकांची ओळ बघेन. या बारमध्ये ती ६४ आहे, म्हणजे एका बारमागे २५-२६ ग्रॅम कर्बोदकं. दोन मारी बिस्किटांत साधारण त्याच्या निम्म्याहूनही कमी असतात. बार सुक्यामेव्याचा आहे, काजू-बदाम आहेत, फायबर आहे, ते सगळं खरं. पण बाबांनी एका छोट्या खाण्याच्या जागी दुपटीहून मोठं खाणं ठेवलं. तुम्ही चार वेळा मोजलंत ते उत्तम केलंत, ते आकडे आणि बारचा हा फोटो दोन्ही त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. औषधं चालू असताना इथे कोणाच्या सांगण्यावरून बदल करू नका, माझ्याही नाही.

वैशाली_नगर
दाखवते. पण मग 'साखर घातलेली नाही' लिहू कसं देतात? खजूर गोडीसाठीच तर घातलाय.

जयंत_भोसरी
रास्त प्रश्न आहे. नियमात असं आहे की साखरेची जागा घेणारे घटक, उदाहरणार्थ सुक्या फळांची पेस्ट किंवा घट्ट केलेला फळांचा रस, वापरले असतील तर हा दावा करता येत नाही. माझ्या मते खजुराची पेस्ट यात सरळ बसते आणि हा दावा चुकीचा ठरतो.

ओंकार_लेस्टर
पण यादीत 'खजूर' लिहिलंय, 'खजुराची पेस्ट' नाही. कंपनी म्हणेल की आम्ही अख्खे खजूर चिरून घातलेत, ते फळ आहे, साखरेचा पर्याय नाही. जागतिक आरोग्य संघटनाही अख्ख्या फळातली साखर मोकळ्या साखरेत, म्हणजे वरून घातलेल्या आणि मध, फळांचा रस यांतल्या साखरेत, धरत नाही.

जयंत_भोसरी
बार घट्ट बांधला जातो तो खजूर कुटूनच, चिरून नाही. पण फोटोवरून ते सिद्ध करता येत नाही, हे कबूल.

ओंकार_लेस्टर
मग आपण दोघेही अंदाजच करतोय. मला वाटतं दावा नियमात बसत असेल, तुम्हाला वाटतं नसेल.

सुलभाताई
एक विचारू? इतकं सगळं काट्यावर तोलताय, मग आपल्या घरच्या शंकरपाळ्याचं काय? दिवाळीत मुलं मूठ मूठ खातात, तेव्हा कोणी कोष्टक बघत नाही.

शिल्पा_नाशिक
ताई, अगदी योग्य विचारलंत. वाटीभर दूध, वाटीभर साखर, वाटीभर तूप आणि मावेल तेवढा मैदा, हे प्रमाण धरलं तर शंकरपाळ्यात साखर शेकडा वीसच्या आसपास बसते आणि तेल-तूप या कुकीजइतकं किंवा जास्तच. घरचं आहे म्हणून साखर कमी होत नाही. फरक एवढाच की शंकरपाळी म्हणजे गोड तळलेला फराळ, हे आपल्याला माहीत असतं आणि ती आपण रोज डब्यात देत नाही. ही कुकी मात्र नाचणीचं नाव लावून रोजच्या डब्यात येतेय. मुळात हे पौष्टिक म्हणून द्यायचं की खाऊ म्हणून, तेवढंच ठरवायचंय.

मृण्मयी_ठाणे
नाचणीचं तेवढं सांगा ना. सगळं कळलं, पण निदान नाचणी तरी पोटात जाते की नाही? मी त्यासाठीच घेतल्या होत्या.

जयंत_भोसरी
घटकांचा तुमचा फोटो वाचतो. मैदा ३४ टक्के, साखर, पाम तेल, नाचणीचं पीठ १४ टक्के, ओट्स ३ टक्के, इन्व्हर्ट सिरप, दुधाची भुकटी, मग फुगवणारे पदार्थ आणि मीठ. समोर ज्या घटकाचा गाजावाजा केला त्याची टक्केवारी द्यावी लागते, म्हणून नाचणी आणि ओट्ससमोर आकडा आहे. साखर आणि तेलासमोर नाही, पण ती दोन्ही नाचणीच्या आधी येतात, म्हणजे प्रत्येकी १४ टक्क्यांपेक्षा जास्त आहेत. आणि साखर दोन नावांनी आली आहे हेही बघा. इन्व्हर्ट सिरप म्हणजे साखरेचाच पाक. कुकी नरम राहावी आणि रंग यावा म्हणून तो घालतात, आम्हीही घालायचो. यादीत तो वेगळा, खाली दिसतो, पण अ‍ॅडेड शुगरच्या २४.५ मध्ये तो धरलेला असतो.

आता नाचणी. १४ टक्क्यांनी २० ग्रॅमच्या सर्व्हिंगमध्ये २.८ ग्रॅम. साधारण एक चहाचा चमचा. नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, पण २.८ ग्रॅममधून जेमतेम दहा मिलिग्रॅम मिळेल. अर्धा कप दूध शंभराच्या वर देतं. नाचणी पोटात जावी असं वाटत असेल तर पन्नास-साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी किंवा नाचणीचं घावन. चार कुकीज त्याच्या जवळपासही पोचत नाहीत.

सुलभाताई
बघ, म्हणून मी सत्त्व सांगत होते.

केदार_एम
मग बाजारातली एखादी बिस्किटं तरी चांगली असतात का? की सगळंच बाद?

जयंत_भोसरी
फरक असतो, म्हणून तर दोन पाकिटं शेजारी ठेवून १०० ग्रॅमचाच रकाना ताडायचा. सर्व्हिंगच्या रकान्याने कधीही तुलना करू नका. एक कंपनी २० ग्रॅम धरते, दुसरी ३०. मी दुकानात बघतो तेव्हा १०० ग्रॅमला आठ ग्रॅम साखरेची खारी-क्रॅकर जातही दिसते आणि पस्तीसच्या वरची क्रीम बिस्किटंही. 'लो शुगर' म्हणायला १०० ग्रॅमला ५ ग्रॅमच्या आत हवी, तिथे बिस्किटं क्वचितच पोचतात. फक्त साखर कमी झाली की मीठ वाढलंय का ते त्याच नजरेत बघा.

अगदी छोट्या पुड्यांवर कोष्टक सापडणार नाही. पाकिटाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटरच्या आत असेल तर त्यांना सूट आहे, माहिती बाहेरच्या मोठ्या पॅकवर असते. दुकानदाराला तो खोका दाखवायला सांगायचा.

मृण्मयी_ठाणे
वजन केलं. सहा कुकीज ७५ ग्रॅम भरल्या. म्हणजे एक साडेबारा ग्रॅमची आणि दोन कुकीज २५ ग्रॅमच्या, २० च्या नाहीत. 'फक्त ९६ कॅलरी' साठी मला दीड कुकीच्या थोडंसं वर थांबावं लागेल.

मी चार देते, म्हणजे ५० ग्रॅम. साखर १२ ग्रॅमच्या वर, कॅलरी २४१. माझं गणित बरोबर आहे ना?

जयंत_भोसरी
अगदी बरोबर. १२.२५ ग्रॅम. चहाच्या चमच्याने अडीच-तीन चमचे साखर.

शिल्पा_नाशिक
आणि हे लक्षात घ्या की तो टक्केवारीचा रकाना प्रौढ माणसाचा आहे, २००० कॅलरीचा. आपल्याकडे सात ते नऊ वर्षांच्या मुलासाठी दिवसाला अंदाजे १७०० कॅलरी धरतात. जागतिक आरोग्य संघटना मोकळ्या साखरेसाठी दहा टक्क्यांची मर्यादा सांगते आणि पाच टक्क्यांच्या आत राहिलं तर जास्त चांगलं म्हणते. सात वर्षांच्या मुलाला पाच टक्के म्हणजे २१ ग्रॅम. त्यातले १२ छोट्या सुट्टीतच संपले. सकाळच्या दुधातली साखर, मित्राच्या वाढदिवसाचं चॉकलेट, संध्याकाळचा जॅम-ब्रेड, हे अजून बाकीच आहे.

मी म्हणेन आठवड्यातून एकदा-दोनदा, दोन कुकीज, आणि बरोबर शेंगदाणे, फुटाणे किंवा केळं. खाऊ म्हणून द्या. रोज चार मात्र नको.

ओंकार_लेस्टर
मी अजूनही म्हणेन की तीन लाल असलेला पदार्थ सात वर्षांच्या मुलाच्या डब्यात नकोच. सवय लागते.

शिल्पा_नाशिक
पूर्ण बंद केलेला खाऊ मुलं दुसऱ्याच्या डब्यात शोधतात, हे मी रोज पालकांकडून ऐकते. इथे आपलं एकमत होणार नाही.

वैशाली_नगर
डॉक्टरांना फोटो दाखवला. अर्धा बार आणि तोही जेवणानंतर न खाता मधल्या वेळी, असं करून आठवडाभर मोजायला सांगितलंय. भावाला आता मागच्या बाजूचे फोटो पाठवायला सांगितलेत, समोरचे नाहीत.

मृण्मयी_ठाणे
सगळ्यांचे खूप आभार. मुलाला काट्यावर कुकीज ठेवायला इतकी मजा आली की आता तो घरातली सगळी पाकिटं मोजतोय. त्याने आणलेल्या मसाला मखाण्यांच्या पुडीचा फोटो देतेय. पुडी २५ ग्रॅमची. यात १०० ग्रॅमचा रकानाच नाही, फक्त 'प्रति पॅक' आहे. हे चालतं का? सोडियम २९० लिहिलंय.

जयंत_भोसरी
एका वेळी संपवायचं पॅक असेल तर नियमाने 'प्रति पॅक' देता येतं. तुलना करायची असेल तर चारने गुणा: १०० ग्रॅमला ११६० मिलिग्रॅम सोडियम. मघाच्या कुकीजच्या जवळजवळ चौपट. पुडीभर खाल्लं तर प्रौढाच्या २००० मिलिग्रॅममधले साडेचौदा टक्के. साखरेची ओळ फोटोत अंगठ्याखाली गेली आहे, ती दिसेल असा आणखी एक फोटो टाका, आणि घटकांच्या यादीत मसाल्यापुढे काय काय आहे तेही.